दर चौरस फुटाचा, कपाट मात्र शीटचं: एका सात फुटी कपाटाचा हिशेब

मार्च 2024 मध्ये माझ्या मोठ्या भावाला चिंचवडच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. बेडरूममध्ये दोन भिंतींच्या मध्ये सात फूट रुंदीचा कोनाडा होता. तिथे खाली सात फूट उंचीचं कपाट आणि वर दोन फुटांचा लॉफ्ट करायचा होता. वहिनींनी दोन मिस्त्री बोलावले. दोघांनी टेप लावला, दोघांनी डायरीत 7 गुणिले 9 म्हणजे 63 चौरस फूट असं लिहिलं आणि मटेरियलसह दर सांगितला. पहिल्याचा दर 1,450, दुसऱ्याचा 1,050.

एकाचे 91,350 रुपये होत होते, दुसऱ्याचे 66,150. मधला फरक 25,200 रुपयांचा. त्या फरकात एखाद्या मिस्त्रीची अख्खी मजुरी निघते.

"भाऊजी, कपाट एकच, माप एकच. मग पंचवीस हजार कशाचे?" वहिनींनी फोनवर विचारलं. मी 15 वर्षं इंटिरियरच्या साइटवर मटेरियलचा हिशेब ठेवतोय, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. महागडा लुटतोय का स्वस्तवाला गंडवतोय, एवढंच त्यांना हवं होतं. दर नुसता ऐकून ते सांगता येत नाही. रविवारी तिकडे गेलो आणि वहीत कपाट फळी-फळीने उलगडलं.

63 चौरस फूट म्हणजे नेमकं काय

मिस्त्री मोजतो ती कपाटाची फक्त दर्शनी बाजू: रुंदी गुणिले उंची. कपाट किती खोल आहे, आत किती कप्पे आहेत, उभी पार्टिशनं किती, ड्रॉवर किती, यातलं काहीच त्या 63 मध्ये येत नाही. प्लाय मात्र सगळा त्या न मोजलेल्या भागातच जातो. 16 इंच खोलीचं कपाट केलं तर चार फुटी शीटमधून दोनऐवजी तीन फळ्या निघतात, तरी दर तोच राहतो. आत नुसता हँगरचा दांडा लावा किंवा 12 कप्पे करा, 63 चे 63. म्हणून दोन दरांची तुलना करायची असेल तर आधी आतला आराखडा एक करावा लागतो. तो कागदावर नसेल तर दोघं आपापल्या मनातल्या कपाटाचा दर सांगतात.

वहिनींचा आराखडा साधा होता. मधोमध एक उभं पार्टिशन. डाव्या बाजूला साड्या आणि ड्रेस टांगायला दांडा, त्याच्या वर एक फळी. उजव्या बाजूला आणखी एक उभं पार्टिशन, म्हणजे पावणेदोन फुटांचे दोन रकाने. एकात चार फळ्या, दुसऱ्यात तीन फळ्या आणि दोन ड्रॉवर. हे दुसरं पार्टिशन मीच घालायला लावलं. 18 मिलिमीटरची फळी साडेतीन फूट आधाराशिवाय ठेवली आणि तिच्यावर घडीच्या कपड्यांचे ढीग रचले, तर वर्ष-दोन वर्षांत ती मध्ये खाली झुकते.

आता फळ्या मोजू. दोन बाजूच्या आणि आतल्या दोन अशा सात फुटी चार उभ्या फळ्या, प्रत्येकी दोन फूट खोल: 56 चौरस फूट. तळाची आणि वरची फळी मिळून 28. वरची फळीच लॉफ्टचा तळ होते, त्यामुळे ती एकदाच मोजायची. आठ कप्प्यांचे साडेएकतीस. खालच्या स्कर्टिंगचे दोनेक. लॉफ्टच्या बाजू, मधला आधार आणि छत मिळून 26. आणि दर्शनी शटरं, खालची चार आणि वरची चार, मिळून 63. एकूण 207 चौरस फूट.

म्हणजे बाहेरून 63 दिसणाऱ्या कपाटात 207 चौरस फूट प्लाय आहे. पण दुकानदार प्लाय चौरस फुटाने विकत नाही, शीटने विकतो. शीट आठ फूट बाय चार फूट, 32 चौरस फुटांची. कटिंगचा नकाशा काढला की खरी संख्या कळते. चार फूट रुंदी मधोमध चिरली की दोन फुटी दोन लांब पट्ट्या मिळतात. करवतीचं पातं तीनेक मिलिमीटर खातं, म्हणून पट्टी दोन फुटांपेक्षा जराशी कमी भरते. आठ फुटांतून सात फुटांची फळी काढली की एक फुटाचा तुकडा उरतो आणि तो बहुतेक वाया जातो. असं मांडत गेल्यावर आतल्या सांगाड्याला पाच शीट, खालच्या शटरांना दोन आणि लॉफ्टच्या शटरांना अर्धी लागली. उरलेल्या अर्ध्या शीटमध्ये ड्रॉवर बसले. एकूण आठ शीट, 256 चौरस फूट विकत घेतलेला प्लाय.

या आठ शीटमधून मला जी एक गोष्ट हवी होती ती मिळाली. 256 ला 63 ने भागलं की जवळजवळ चार येतात. प्लायचा भाव चौरस फुटाला एक रुपयाने बदलला की या कपाटाचा दर चार रुपयांनी बदलतो. वहिनींनी ही ओळ वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून चौकट केली. पुढच्या सगळ्या बोलण्यात तिचाच उपयोग झाला. हा चारचा आकडा दोन फूट खोल आणि इतपत कप्पे असलेल्या कपाटाचा आहे. आत नुसते दांडे आणि दोन-तीन फळ्या असतील तर तो साडेतीनच्या आसपास येतो. सगळीकडे कप्पे आणि ड्रॉवर असतील तर पाचला टेकतो. आपल्या आराखड्याचा आकडा आपणच काढायचा.

"303" म्हणजे कोणता?

पहिल्या मिस्त्रीने "303 वॉटरप्रूफ" लावतो म्हटलं होतं, दुसऱ्याने "ब्रँडेड 303". ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. सोमवारी मी आणि भाऊ भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. एका दुकानात 18 मिलिमीटरचे दोन ढीग शेजारी शेजारी होते आणि दोन्हीवर आयएस 303 चा शिक्का होता. एकावर त्याच्याखाली एमआर लिहिलेलं, दुसऱ्यावर बीडब्ल्यूआर. पहिल्याचा भाव जीएसटीसह चौरस फुटाला 72 रुपये, दुसऱ्याचा 92. तिसरा ढीग आयएस 710 चा, ज्याला सगळे मरीन म्हणतात. त्याचा भाव 125.

गोंधळ इथेच होतो. 303 हा मानकाचा आकडा आहे, ग्रेडचा नाही. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा, बाजारात ज्याला कमर्शिअल म्हणतात तो. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणी काही तास सोसणारा. दोन्ही 303 खाली विकले जातात, म्हणून "303 लावतो" या वाक्यातून ग्रेड कळतच नाही. दोन्ही मिस्त्रींना फोन करून एकच प्रश्न विचारला: एमआर का बीडब्ल्यूआर? पहिला म्हणाला बीडब्ल्यूआर. दुसरा म्हणाला, "साहेब, बेडरूमला एमआरच लावतात. किचनला वॉटरप्रूफ." तोही चुकीचं बोलत नव्हता. कोरड्या बेडरूममध्ये चांगल्या एमआर प्लायचं कपाट वर्षानुवर्षं टिकतं.

फरक गोंदाचा असतो. एमआरमध्ये थर चिकटवायला युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद वापरतात, बीडब्ल्यूआर आणि 710 मध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा. फिनॉलच्या गोंदाची रेघ कडेला गडद तपकिरी दिसते. पण काही कारखाने साध्या गोंदातही रंग मिसळतात, म्हणून नुसत्या रेघेवर विसंबू नये. दुकानदाराकडून आम्ही दोन्ही ढिगांचे दोन-दोन इंची तुकडे मागून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी जुन्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि दोन्ही तुकडे त्यात सोडले. पाणी कमी झालं की त्या वरून गरम पाणी घालत होत्या. दोनेक तासांत एमआरच्या तुकड्याची एक कड सुटली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत त्याचे थर वहीच्या पानांसारखे उकलले. बीडब्ल्यूआरचा तुकडा संध्याकाळपर्यंत, म्हणजे आठ तास, जरासा फुगला पण एकसंध राहिला. बीडब्ल्यूआरची कसोटी आठ तास उकळण्याचीच आहे, 710 ची 72 तासांची. गॅस थोडा गेला, पण साठ-सत्तर हजारांच्या खरेदीआधी ही चाचणी करून घ्यावी असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी लागतो तो फक्त एक तुकडा.

मग वहिनींचा पुढचा प्रश्न आला: "सगळं 710 चंच करू या का?" चारचा आकडा लावला. 92 आणि 125 मधला फरक 33 रुपये, कपाटाच्या दरात जवळजवळ 134 रुपये, आणि आठ शीटचे मिळून 8,448 रुपये जास्त. कोनाड्याची डावी भिंत बाथरूमची होती, म्हणून त्यांची काळजी रास्त होती. पण पूर्ण कपाटाला पाण्याची भीती नसते. पाणी लागतं ते तळाच्या फळीला, कारण फरशी पुसताना पोचा तिथे लागतो, आणि बाथरूमच्या भिंतीला चिकटणाऱ्या बाजूच्या फळीला. एका शीटमधून सात फुटी दोन फळ्या निघतात, म्हणजे तळ आणि ती एक बाजू बरोबर एका शीटमध्ये बसतात. सात शीट बीडब्ल्यूआर आणि एक 710 असं ठरलं. जादा खर्च 1,056 रुपये.

त्याआधी ती भिंत कोरडी आहे याची खात्री केली. कोणताही प्लाय ओल्या भिंतीवर उपाय नाही. 710 चे थर सुटणार नाहीत, पण भिंत पाझरत असेल तर आतल्या सनमायकाच्या कडा उचलतात आणि कपड्यांना बुरशी लागते. बाथरूमचे नळ आणि शॉवर तीन दिवस नेहमीसारखे वापरले, भिंतीला चौथ्या दिवशी हात लावून पाहिला, प्लास्टर फुगलेलं किंवा पांढरं झालेलं नाही ना तेही पाहिलं. भिंत ठीक निघाली. तरी कपाट भिंतीला टेकवायचं नाही, अर्धा इंच सोडायचं, असं मिस्त्रीला सांगितलं.

आतला सनमायका

दोन दरांमधली सगळ्यात मोठी रक्कम प्लायमध्ये नव्हतीच. ती आतल्या सनमायकात होती, आणि ती आतमध्ये असल्याने कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

बाहेरून शटरांना एक मिलिमीटरचा सनमायका लागतो, त्याचा हिशेब सोपा: तीन शीट. आतून प्रत्येक पार्टिशनला दोन बाजू, प्रत्येक कप्प्याला वर-खाली, मागची भिंत, लॉफ्टचं आतलं सगळं, आणि शटरांची आतली बाजू. हे सगळं मोजलं तर 345 चौरस फूट भरतं, दर्शनी मापाच्या साडेपाच पट. आतला पातळ सनमायका, ज्याला लायनर म्हणतात, शीटला 750 रुपयांनी मिळत होता. वाया जाणारं धरून 12 शीट, म्हणजे 9,000 रुपये, आणि तो चिकटवायला लागणाऱ्या फेविकॉलचे वर 3,200.

पहिल्या मिस्त्रीच्या दरात हे होतं. दुसऱ्याच्या दरात आतून ऑइल पेंट होता, साधारण 2,500 रुपयांचा. पेंट केलेलं कपाट वाईट नसतं. आमच्या आईचं कपाट आतून पेंटचंच आहे आणि 20 वर्षं वापरात आहे. मात्र एका ठिकाणी पेंट चालत नाही, आणि ते म्हणजे शटरांची आतली बाजू. शटरला बाहेरून सनमायका लावला की ती बाजू हवेतला ओलावा घेत नाही. आतली बाजू मोकळी असेल तर ती पावसाळ्यात ओलावा घेऊन फुगते, उन्हाळ्यात आखडते, आणि सात फूट उंचीचं शटर धनुष्यासारखं वाकतं. मिस्त्री म्हणतात, शटरला बेंड आला. मग ते वरून टेकतं आणि खालून उघडं राहतं, आणि कितीही बिजागरी फिरवली तरी सरळ होत नाही. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर कप्प्यांना पेंट मारा, पण शटराला दोन्ही बाजूंनी सनमायका लावा. स्वस्त दराला हो म्हणायचं ठरलं असतं तरी ही एक अट मी घालायला लावली असती.

बिजागऱ्या मोजून घ्या

हार्डवेअरवर लोक बहुतेक कंपनीच्या नावाने बोलतात. मी आधी संख्या विचारतो. आमचं खालचं एक शटर सव्वाबारा चौरस फुटांचं. दोन्ही बाजूंच्या सनमायकासकट त्याचं वजन 16-17 किलो होतं. त्याला चार बिजागऱ्या हव्यात. दुसऱ्या मिस्त्रीने तीन धरल्या होत्या, आणि त्याही साध्या. चार शटरांच्या 16 आणि लॉफ्टच्या चार छोट्या शटरांच्या प्रत्येकी दोन, अशा 24 बिजागऱ्या. सॉफ्ट क्लोजची जोडी 330 रुपयांना, म्हणजे 3,960. साध्या 20 बिजागऱ्यांचे 1,550 झाले असते. ड्रॉवरची टेलिस्कोपिक चॅनेलं, हँडलं, कुलपं, कड्या आणि टांगायचा दांडा धरून हार्डवेअर 8,890 रुपयांवर गेलं.

बिजागरी दिसायला सारखी असली तरी तिच्या वाकाचे प्रकार असतात. कडेच्या फळीवर पूर्ण चढणाऱ्या शटराला सरळ बिजागरी लागते. मधल्या पार्टिशनवर दोन्हीकडून दोन शटरं येतात, तिथे अर्ध्या वाकाची लागते. मिस्त्रीने सगळ्या सरळ आणल्या तर मधली दोन शटरं एकमेकांवर चढतात, आणि मग तो शटरं रंधून कमी करतो. त्यात सनमायकाची कड उघडी पडते. आम्ही यादीत दोन्ही प्रकार वेगळे लिहून दिले: सरळ 8 आणि अर्ध्या वाकाच्या 8 खाली, लॉफ्टला 4 आणि 4.

बेरीज

पूर्ण कपाट बीडब्ल्यूआरमध्ये केलं तर किरकोळ भावाने किती पडतं, ते असं आलं:

| बाब | रुपये |
|---|---|
| 18 मिमी प्लाय, 8 शीट | 23,552 |
| मागचा 6 मिमी प्लाय, 3 शीट | 4,320 |
| बाहेरचा सनमायका, 3 शीट | 5,100 |
| आतला लायनर, 12 शीट | 9,000 |
| फेविकॉल, कडेची पट्टी, खिळे, स्क्रू | 7,400 |
| हार्डवेअर | 8,890 |
| मजुरी, 63 × 400 | 25,200 |
| वाहतूक आणि हमाली | 2,500 |
| एकूण | 85,962 |

चौरस फुटाला 1,364 रुपये. मजुरीचा 400 चा दर त्या वेळी नुसत्या मजुरीवर काम करणाऱ्या तिसऱ्या मिस्त्रीकडून विचारून घेतला होता. म्हणजे पहिल्या मिस्त्रीचे 1,450 म्हणजे लूट नव्हती. त्याला वर पाचेक हजार उरत होते, आणि दुकानातून त्याला मिळणारी सूट वेगळी.

मग याच बेरजेतून दुसऱ्याचं कपाट वजा करत गेलो. बीडब्ल्यूआरऐवजी एमआर: 5,120 कमी. लायनर आणि त्याचा फेविकॉल काढून पेंट: 9,700 कमी. साध्या आणि कमी बिजागऱ्या: 2,410. साधी हँडलं: 990. मागे सहाऐवजी चार मिलिमीटरचा प्लाय: 1,440. सगळं मिळून 19,660. उरले 66,302. त्याने सांगितलेली रक्कम 66,150 होती. दीडशे रुपयांच्या फरकाने आकडा जुळला, तेव्हा वहिनी काही वेळ वहीकडे बघत राहिल्या. "म्हणजे दोघंही खरंच सांगत होते," त्या म्हणाल्या. दोघं वेगवेगळ्या कपाटांचे भाव देत होते, आणि ही दोन्ही कपाटं डायरीत "63 चौरस फूट" अशीच लिहिली जात होती.

काय ठरलं

वहिनींना आतून सनमायका हवाच होता आणि बाथरूमची भिंत होती, म्हणून पहिल्याशी बोलायचं ठरलं. दर कमी करा असं म्हटलं की मिस्त्री कुठून तरी कमी करतो, आणि कुठून ते सांगत नाही. म्हणून आम्ही एकाच जागी बोट ठेवलं: लॉफ्ट. लॉफ्टमध्ये कप्पे नाहीत, ड्रॉवर नाहीत, हँडल छोटं, बिजागऱ्या दोनच. मग 14 चौरस फुटांच्या त्या भागाला खालचाच दर का?

"मिस्त्री, खालचं 1,450 ने घ्या, त्यात आम्ही काही बोलत नाही. लॉफ्टचे 1,100 लावा," भाऊ म्हणाला.

त्याने मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "चालेल साहेब. पण हँडल लॉफ्टला साधं देईन."

आमच्या बेरजेत ते साधंच धरलं होतं. खालचे 49 चौरस फूट आणि लॉफ्टचे 14 मिळून रक्कम 86,450 झाली, वर 710 च्या एका शीटचे 1,056. एका पानावर सगळं लिहून दोघांनी सह्या केल्या: ग्रेड, शीटची संख्या, शटराला दोन्ही बाजूंनी सनमायका, बिजागऱ्या 24, ड्रॉवर आणि पार्टिशनचे वेगळे पैसे नाहीत. पहिली कट मारायच्या आधी आम्ही शिक्के बघणार, हेही त्यात लिहिलं.

ते लिहिलं म्हणून एक शीट परत गेली. प्लाय आला त्या दिवशी भावाने प्रत्येक शीटवरचा आयएसआयचा शिक्का आणि परवाना क्रमांक पाहिला. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का हे दिसतं. शिक्के बरोबर होते, पण मी दिलेल्या व्हर्नियरने कडा मोजताना एक शीट 16.6 मिलिमीटर भरली. 18 मिलिमीटरच्या प्लायला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे 17.1 च्या खाली नाही. बाकीच्या सात 17.3 ते 17.8 मध्ये होत्या. ही एक शीट सांगाड्यात गेली असती तर तिच्या फळ्या शेजारच्या फळ्यांशी बसल्या नसत्या आणि मिस्त्रीने ती तूट पट्टी मारून झाकली असती. दुकानाने दुसऱ्या दिवशी कुरकुर न करता बदलून दिली. एकदा कापली की कोणी बदलून देत नाही.

काम 11 दिवस चाललं. खटका उडाला तो शेवटी, मापावरून. लॉफ्टच्या वर आणि छताच्या मध्ये तीन इंचांची फट होती, ती झाकायला मिस्त्रीने फिलर पट्टी लावली होती. बिलात त्याने उंची नऊ फूट तीन इंच धरली. पावणेदोन चौरस फूट वाढले, लॉफ्टच्या दराने 1,925 रुपये. त्याच्या बाजूने पाहिलं तर तो छतापर्यंतच मोजतो आणि सगळीकडे तसंच मोजलं जातं. आमच्या बाजूने पाहिलं तर त्या पट्टीच्या मागे ना फळी, ना शटर, ना बिजागरी. आमच्या पानावर माप कसं घ्यायचं हे लिहिलेलं नव्हतं, ती चूक माझी. पट्टीचे 700 रुपये देऊन विषय मिटवला. एकूण 88,206 रुपये, म्हणजे चौरस फुटाला जवळजवळ बरोबर 1,400.

शेवटचे 8,800 रुपये पहिल्या पावसाळ्यात शटरं बघून द्यायचे, हे पानावर होतं आणि मिस्त्रीलाही मान्य होतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, महिनाभर पाऊस झाल्यावर, वहिनींनी खालच्या प्रत्येक शटरावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून पाहिला. दोरा चारही शटरांना सगळीकडे टेकला. उजवीकडचं शेवटचं शटर खाली किंचित घासत होतं, ते मिस्त्रीने येऊन बिजागरीचा मधला स्क्रू दोन आटे फिरवून सरळ केलं, आणि भावाने त्याच दिवशी त्याला उरलेले पैसे दिले.